व्हॅन आली, पण घ्यायला कोणीच नाही

जूनच्या मध्यावर शाळा सुरू होतात, विदर्भात थोड्या उशिरा, आणि पहिल्याच आठवड्यात दप्तरातून एक कागद घरी येतो. वर शाळेचं नाव, खाली मुख्याध्यापकांची सही आणि मधे व्हॅनबद्दलच्या दहा-बारा सूचना. पाल्यास वेळेत थांब्यावर आणावे. पाल्यास अधिकृत व्यक्तीच्याच ताब्यात देण्यात येईल. चालकाशी हुज्जत घालू नये. तळाशी तुटक रेघ, तिच्याखाली ‘वरील सूचना वाचल्या व मान्य आहेत’ आणि सहीची जागा. आपण डबा भरता भरता सही ठोकतो, तुकडा फाडून दप्तरात टाकतो आणि उरलेला कागद फ्रिजवरच्या चुंबकाखाली जातो.

शाळेच्या परिवहन समितीवर पालकांच्या बाजूने बसायची वेळ आली तेव्हा मी अशा बऱ्याच नोटिसा सावकाश वाचल्या. त्यांच्यातली एकही सूचना चुकीची नसते. अडचण अशी की बहुतेक सूचना सगळं सुरळीत चाललेल्या दिवसासाठी लिहिलेल्या असतात, आणि सुरळीत दिवशी नोटिशीची गरज कोणाला पडते? म्हणून प्रत्येक सूचनेपुढे पेन्सिलीने एक प्रश्न लिहायची सवय लागली: ‘आणि तसं झालं नाही तर?’ ज्या ओळीपुढे या प्रश्नाचं उत्तर छापलेलं नसतं, ती ओळ शाळेत जाऊन विचारायची असते.

आधी गाडीचं थोडक्यात. भारतात शाळेच्या वाहनांचे नियम कडक झाले ते १९९७ मध्ये. त्या वर्षी नोव्हेंबरात दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली, २८ मुलं गेली, आणि महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बसचालकांच्या अनुभवापासून बसमधल्या मदतनिसापर्यंत बरेच निर्देश दिले. महाराष्ट्राने २०११ साली शालेय बससाठी स्वतंत्र नियम केले. त्यांतली पालकांच्या सर्वांत कामाची तरतूद म्हणजे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती हवी आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी हवा. नोटिशीवर या समितीचा उल्लेखच नसेल, तर पहिला प्रश्न तिथेच विचारायचा.

पण बऱ्याच शाळांत व्हॅन शाळेची नसतेच. ती व्हॅनवाल्या काकांची असते आणि ठराव पालक आणि काका यांच्यात तोंडी झालेला असतो. अशा शाळेच्या नोटिशीत एक ओळ हमखास सापडते: ‘खासगी वाहनाची जबाबदारी शाळेची राहणार नाही.’ ती डोळ्यांखालून घालून पुढे जाऊ नका, कारण त्या ओळीचा अर्थ असा की गाडी तपासायचं काम आता तुमचं आहे. ते फार अवघड नाही. नंबर प्लेट पिवळी आहे का पाहायचं. पांढरी असेल तर ती खासगी गाडी आहे आणि भाड्याने मुलं नेण्याचा परवाना तिच्याकडे नाही. मग मोबाइलवर mParivahan उघडून गाडीचा नंबर टाकायचा. गाडीची आसनक्षमता किती, फिटनेस कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, हे तिथे दिसतं. व्यावसायिक गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी नवं करावं लागतं. गाडी सीएनजीवर असेल तर टाकीची तीन वर्षांतून एकदा पाण्याच्या दाबाखाली चाचणी झालेली असायला हवी. तारीख टाकीला लावलेल्या पट्टीवर असते आणि काका ती दाखवतात. न दाखवणाऱ्या काकांबद्दल मी वेगळं सांगायला नको. शेवटी एकदा आत डोकावून पाहा: मधे आडवी फळी टाकून जादा बैठक केली असेल, तर फिटनेसचा कागद कितीही ताजा असला तरी ती गाडी तपासणीला फळी काढून गेलेली आहे.

आता वेळेकडे येऊ, कारण पालक आणि काका यांची नव्वद टक्के भांडणं याच एका विषयावर होतात. नोटिशीत बहुधा एवढंच असतं: ‘पालकांनी वेळेचे भान ठेवावे.’ हे भान मिनिटांत मांडून पाहू. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवायला सांगितले, म्हणून नऊची शाळा धरू. समजा व्हॅनला सात थांबे आहेत आणि पहिल्या थांब्यापासून शाळेपर्यंत सहा किलोमीटर. सकाळच्या गर्दीत निव्वळ गाडी चालवायला २१ मिनिटं. प्रत्येक थांब्यावर दार उघडणं, दप्तर घेणं, मूल बसवणं, दार लावणं यात दोन मिनिटं जातात, म्हणजे सातांची चौदा. एकूण ३५. पहिला थांबा ८:१५ ला घेतला तर व्हॅन ८:५० ला फाटकाशी येते आणि दहा मिनिटं हाताशी राहतात. ही दहा मिनिटं पंक्चर, मिरवणूक, रेल्वेचं फाटक यांच्यासाठी आहेत.

आता पहिल्या चार थांब्यांवर काका तीन-तीन मिनिटं थांबले. कोणाचा बूट सापडत नव्हता, कोणाचं दूध संपत नव्हतं, कोणाची लिफ्ट वर अडकली. बारा मिनिटं गेली, म्हणजे राखीव दहा मिनिटंही संपली आणि व्हॅन ९:०२ ला पोहोचणार. नऊला फाटक बंद होतं हे काकांना ठाऊक आहे, आणि मुलांना उशीर झाला तर बोलणी कोणाला बसतात हेही. समोर उरलेत तीन किलोमीटर आणि तीन थांबे. काका ते कसे पार करतील? सिग्नल पिवळा असताना गाडी दामटून, गल्लीत उलट्या बाजूने घुसून, शेवटच्या मुलाचं दार नीट लागायच्या आत गिअर टाकून. चौथ्या थांब्यावरच्या घराने घेतलेल्या तीन मिनिटांची किंमत सातव्या थांब्यावरचं मूल देतं, आणि त्या दोन घरांची एकमेकांशी ओळखही नसते.

म्हणून चांगल्या नोटिशीत प्रत्येक थांब्याची वेळ छापलेली असते आणि पुढे स्पष्ट लिहिलेलं असतं: ‘मूल पाच मिनिटे आधी थांब्यावर असावे. व्हॅन छापील वेळेनंतर दोन मिनिटे थांबेल व निघेल. चालक फोन करणार नाही, हॉर्न वाजवणार नाही. व्हॅन चुकल्यास पालकांनी मुलाला स्वतः शाळेत आणावे. पुढच्या थांब्यावर व्हॅन गाठू नये.’ शेवटचं वाक्य कडक वाटतं, पण स्कूटरवरून व्हॅनचा पाठलाग करणारे बाबा आणि पुढच्या चौकात घाईत गाडीत ढकललेलं मूल ज्याने पाहिलं आहे तो ते वाक्य खोडणार नाही. याच्या दुसऱ्या बाजूलाही एक ओळ हवी: व्हॅन वेळेआधी आली तर छापील वेळेपर्यंत थांबेल. ती नसली की काका दर आठवड्याला दोन मिनिटं लवकर येऊ लागतात आणि ऑक्टोबरापर्यंत वेळापत्रक फक्त कागदावर उरतं.

एक बारकी गोष्ट बहुतेक नोटिशींत नसते. एकच व्हॅन सकाळी दोन फेऱ्या करते का? मोठ्या मुलांना सातच्या शाळेत सोडून तीच गाडी लहानांना घ्यायला निघत असेल, तर तुमचा ८:१५ चा थांबा पहिल्या फेरीवर टांगलेला आहे. समितीच्या बैठकीत हे विचारा आणि दोन फेऱ्यांमध्ये किती मिनिटं मोकळी ठेवली आहेत तेही विचारा.

थांबा कुठे असावा, यावर सोसायटीत मतदान होऊ शकत नाही. थांबा व्हॅनच्या डाव्या बाजूला, म्हणजे दार उघडतं त्या बाजूला हवा, आणि व्हॅनला तिथे मागे घ्यावं लागता कामा नये. मूल उतरतं तेव्हा हातातून बाटली निसटते, घरंगळत चाकाखाली जाते आणि ते ती घ्यायला वाकतं. चार फुटांच्या आतलं वाकलेलं मूल आरशात दिसत नाही. शाळेच्या वाहनांच्या अपघातांत लहान मुलांना गाडीच्या आत असताना असतो त्यापेक्षा उतरल्यानंतर, गाडीच्या अवतीभवती दोन-तीन मीटरांत धोका जास्त असतो, हे जगभर दिसून आलं आहे. म्हणून गल्ली बंद असेल तर थांबा गल्लीच्या तोंडाशी, मग आजोबांना पन्नास पावलं जास्त चालावी लागली तरी चालेल. घर रस्त्याच्या पलीकडे असेल तर मूल रस्ता ओलांडणार नाही; घ्यायला येणारं माणूस ओलांडून व्हॅनच्या बाजूला येईल. ‘मी इकडून हात दाखवते, तू ये’ हे वाक्य नोटिशीत नाव घेऊन निषिद्ध करावं, असं मला खरंच वाटतं.

संध्याकाळचं गणित सकाळपेक्षा अवघड आहे. सकाळी मूल थांब्यावर नसेल तर व्हॅन निघून जाते आणि मूल आईजवळ असतं. संध्याकाळी माणूस थांब्यावर नसेल तर मूल काकांच्या हातात असतं आणि मागे आणखी पाच मुलांची घरं वाट पाहत असतात. इथे ‘पालकांनी वेळेत उपस्थित राहावे’ या ओळीपुढे ‘आणि नसतील तर?’ लिहून पाहा. उत्तर छापलेलं नसेल तर काका त्या त्या दिवशी स्वतःचं उत्तर काढतात. मूल वॉचमनकडे सोडतात, समोरच्या किराणा दुकानात बसवतात, किंवा ‘जाशील ना रे वर?’ म्हणून लिफ्टपाशी उतरवतात. माणसं चांगली असतात, रोजची ओळखीची असतात, आणि तीनशे दिवस काही होतही नाही.

माझ्या मते उत्तर असं छापावं. थांब्यावर नोंदलेली व्यक्ती नसेल तर मूल उतरणार नाही. मदतनीस यादीतल्या पहिल्या क्रमांकावर फोन करील, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दोन मिनिटांत कोणी आलं नाही तर मूल गाडीतच बसून उरलेली फेरी पुरी करील आणि व्हॅन शेवटी त्याला शाळेत परत आणील. शाळेत अमुक वाजेपर्यंत अमुक शिक्षिका किंवा कार्यालयातली व्यक्ती थांबेल. त्या वेळेनंतरही संपर्क झाला नाही तर शाळा काय करील, कोणाला कळवील, हेही लिहिलेलं हवं. पालकांना हा परतीचा प्रवास शिक्षेसारखा वाटतो. तो तसा नाही. मूल कुठे आहे हे त्या वेळी तीन माणसांना नक्की माहीत असतं, आणि तेच हवं असतं.

सकाळच्या बाबतीत अजून एक प्रश्न उरतो, तो फार कमी नोटिशींत असतो. मूल गाडीत चढलं, पण शाळेत उतरलंच नाही तर? मागच्या सीटवर झोपून गेलं, गाडी लावून काका चहाला गेले. बाहेर तिशीतलं साधं तापमान असलं तरी उन्हात उभ्या बंद गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच दहाएक अंश सेल्सिअसने उष्मा वाढू शकतो. बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होऊन जाते आणि काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. त्यात लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. म्हणून इथे एकाच माणसाच्या आठवणीवर विसंबायचं नाही, दोन स्वतंत्र तपासण्या हव्यात. पहिली काकांची: शाळेत पोहोचल्यावर गाडी बंद करून मागच्या सीटपर्यंत जाऊन बघायचं आणि चढलेल्या-उतरलेल्यांची वही भरायची. दुसरी वर्गातली: हजेरी झाल्यावर न कळवता गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी पंधरा-वीस मिनिटांत फोन जायला हवा. हा फोन सुरू ठेवायचा तर पालकांनीही मूल येणार नसेल तेव्हा सकाळीच कळवायला हवं. नाहीतर रोज दहा फोन ‘आज सर्दी आहे हो’ ऐकण्यात जातात आणि महिन्याभरात शाळा फोन करणंच सोडते.

आता सगळ्यांत नाजूक भाग: मूल कोणाच्या हाती द्यायचं.

साधारण पद्धत अशी असते की पालक तीन व्यक्तींची नावं, फोटो, नातं आणि मोबाइल नंबर देतात आणि शाळा त्यांना ओळखपत्र देते. पद्धत चांगली आहे, पण ओळखपत्रावर फार विसंबू नये. ते स्कूटरच्या डिकीत पडलेलं असतं, शेजाऱ्याला दिलेलं असतं, कधी त्याचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरत असतो. कार्ड पाहून मूल देणारा शिपाई कार्डाला मूल देतो. कार्डावरचा चेहरा आणि समोरचा चेहरा एक आहे का हे पाहिलं तरच त्या कार्डाला अर्थ आहे.

खरी कसोटी बदलाच्या दिवशी लागते. दुपारी २:४० ला कार्यालयात फोन येतो. बाई घाईत बोलतात: ‘मी दुसरीतल्या अमुकची आई. मी मीटिंगमध्ये अडकलेय. आज त्याला व्हॅनने पाठवू नका, माझा भाऊ येतोय न्यायला. पाठवून द्याल ना, प्लीज?’ आवाज ओळखीचा वाटतो. तीनला शाळा सुटणार, फाटकाशी गोंधळ सुरू झालाय. ‘हो हो’ म्हणणं सोपं असतं. करायचं मात्र एवढंच: नम्रपणे फोन ठेवायचा, रजिस्टर उघडायचं आणि तिथे नोंदलेल्या आईच्या नंबरवर आपण फोन लावायचा. आलेल्या नंबरवर उलट फोन लावायचा नाही, कारण तो नंबर कोणाचा हेच तर ठरवायचं आहे. आई उचलते, ‘हो, मीच होते’ म्हणते. मग भावाचं नाव विचारून, लिहून घेऊन व्हॅनच्या वहीत ‘आज नाही’ अशी नोंद करायची. आईने नाही उचलला तर बाबांचा नंबर. दोघांनी नाही उचलला तर मूल व्हॅनमध्येही बसणार नाही आणि मामाबरोबरही जाणार नाही, ते कार्यालयात थांबेल.

३:१० ला मामा येतो. मूल लांबूनच ‘मामाऽ’ करत धावतं आणि त्याला चिकटतं. आधार कार्ड दाखवतो, नाव जुळतं. तरी फोन लागेपर्यंत मूल द्यायचं नाही. मामा चिडतो, ‘पोरगा मला मिठी मारतोय, अजून काय पुरावा पाहिजे तुम्हाला?’ मूल त्याला ओळखतं एवढंच त्या मिठीने कळतं. न्यायला सांगितलंय की नाही, ते मिठीतून कळत नाही. मुलांवर अत्याचार करणारे बहुतांशी ओळखीतलेच निघतात, हे पोलिसांच्या नोंदी वर्षानुवर्षं सांगतात. अनोळखी माणसापासून सावध राहा, असं आपण मुलांना कितीही शिकवलं तरी ते शिक्षण इथे कामी येत नाही. हा सगळा सोपस्कार ओळखीच्या माणसासाठी आहे, आणि म्हणूनच तो कोणालाही अपमानास्पद वाटता कामा नये. कार्यालयातल्या बाईंनी तीन वर्षं ओळखत असलेल्या आजोबांनाही तोच नियम लावला, तरच अनोळखी माणसाला तो लावताना त्यांची जीभ अडखळत नाही.

काही घरं एक परवलीचा शब्द ठरवतात. न्यायला येणाऱ्याने तो सांगायचा, एकदा वापरला की बदलायचा. शब्द घरात रोज बोलला जाणारा नसावा, नाहीतर कोणीही नुसत्या अंदाजाने तो सांगून जाईल. तिसरीच्या पुढे हे छान चालतं. पहिलीतलं मूल तो शब्द मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गाला सांगून मोकळं होतं, तेव्हा लहानांच्या बाबतीत त्यावर भिस्त ठेवू नका.

नववीतल्या दादाचं काय? ‘घ्यायला येणारी व्यक्ती अठरा वर्षांवरील असावी’ ही ओळ बऱ्याच नोटिशींत असते आणि ज्या घरात आई-बाबा दोघंही कामावर जातात तिथे ती रोज मोडली जाते. रोज मोडणारा नियम ठेवण्यापेक्षा मी त्याचे दोन भाग करीन. बालवाडी ते दुसरीपर्यंत अठरा वर्षांची अट कायम, सवलत नाही. त्यापुढच्या मुलांसाठी मोठ्या भावा-बहिणीकडे द्यावं असं पालकांनी लेखी दिलं, भावंडाचं नाव-फोटो नोंदवला आणि थांब्यापासून घरापर्यंत मोठा रस्ता ओलांडायचा नसेल, तर परवानगी. सर्वांना सारखा नियम लावल्याचं समाधान यात मिळत नाही, पण दादा आहे हे शाळेला निदान ठाऊक तरी राहतं.

न्यायला येणाऱ्यांच्या यादीत एक नाव आपण विसरतो: स्वतः व्हॅनवाले काका. रोज आपण मूल त्यांच्याच तर हाती देतो. म्हणून त्यांची चारित्र्य पडताळणी, लायसन्स आणि फोटो शाळेत हवेत, हे सगळ्यांना पटतं. गाडं अडतं ते बदलीवर. काकांना ताप येतो, मुलं तर शाळेत पोहोचायला हवीत, म्हणून ते भाच्याला पाठवतात. गाडी तीच, हॉर्न तोच, स्टेअरिंगवर मात्र अनोळखी तरुण. पालक थांब्यावर विचारतात, ‘काका कुठे?’ ‘बरं नाही त्यांना.’ आणि मूल चढतं. नोटिशीत असावं: बदली चालकाची कागदपत्रं आधीच शाळेत असतील, त्याचं नाव आणि फोटो वर्षाच्या सुरुवातीलाच पालकांना कळवलेला असेल आणि बदलीच्या दिवशी सकाळी साडेसातपर्यंत शाळेकडून निरोप येईल. नोंदलेला बदली चालक नसेल तर त्या दिवशी व्हॅन येणार नाही. पालकांना रजा टाकावी लागेल, ऑफिसात बोलणी खावी लागतील. काकांनाही एका दिवसाचा तोटा होतो, म्हणून महिन्याच्या पैशांत असे एक-दोन दिवस आधीच धरून ठेवणं त्यांच्याशी बोलून ठरवावं. तोट्याच्या भीतीने पाठवलेला भाचा हा प्रश्न पैशांनीच सुटतो, उपदेशाने नाही.

वेगळे राहणाऱ्या आई-वडिलांची गोष्ट शाळांना सर्वांत जड जाते. आई फोन करून सांगते, ‘त्याच्या वडिलांना अजिबात देऊ नका.’ दुसऱ्या दिवशी वडील फाटकाशी उभे असतात. कायद्याने, न्यायालयाचा आदेश नसताना, दोघंही मुलाचे पालकच असतात. हिंदू कुटुंबांना लागू असलेला १९५६ चा कायदा पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असावा असं सांगतो आणि १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईलाही नैसर्गिक पालक म्हणून वडिलांच्या बरोबरीने उभं केलं. पण यातलं काहीही शाळेच्या फाटकावरचा शिपाई ठरवू शकत नाही. त्यामुळे नोटिशीत हे साधं वाक्य असावं की एका पालकाच्या तोंडी सांगण्यावरून दुसऱ्या पालकाला शाळा अडवू शकत नाही. कुटुंब न्यायालयाचा अंतरिम का होईना आदेश असल्यास त्याची प्रमाणित प्रत शाळेत द्यावी, त्यातले वार आणि वेळा शाळा तंतोतंत पाळील. भेटीचा हक्क शनिवारचा असेल तर बुधवारी मूल मिळणार नाही, मग आलेले वडील कितीही शांतपणे बोलोत.

आदेश नसेल आणि दोघंही एकाच वेळी फाटकाशी येऊन भांडू लागले तर? मूल फाटकाशी आणायचं नाही. त्याला मुख्याध्यापकांच्या खोलीत ओळखीच्या बाईंजवळ बसवायचं, दोघांना वेगळं बसवून बोलायचं आणि ओढाताण होण्याची चिन्हं दिसली तर ११२ वर पोलीस किंवा १०९८ वर चाइल्डलाइन. न्यायला आलेला माणूस नोंदलेला आहे, पण तोंडाला दारूचा वास येतोय, अशा वेळीही हाच मार्ग: मूल आत, यादीतल्या दुसऱ्या व्यक्तीला फोन. त्या वडिलांना चारचौघांत कारण सांगायची गरज नाही. ‘दोन मिनिटं बसा, एक सही राहिलीय’ पुरतं. असे प्रसंग नोटिशीत छापता येत नाहीत हे खरं, पण शाळेने ते कर्मचाऱ्यांना शिकवले आहेत का, हे समितीच्या बैठकीत विचारता येतं.

आणि पावसाचा दिवस. २६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, रस्ते बुडाले, फोन बंद पडले आणि कितीतरी मुलांनी रात्र शाळेत किंवा वाटेत अडकलेल्या बसमध्ये काढली. हल्ली दर पावसाळ्यात एखाद्या दुपारी शाळा अचानक सोडल्याचा निरोप येतो आणि काही मिनिटांत पालकांच्या ग्रुपवर दोनशे संदेश जमतात. त्या गोंधळात कोण कोणाला नेतंय, हे कोणालाच कळत नाही. अशा दिवसासाठी नोटिशीत दोनच गोष्टी हव्यात. लवकर सुटी झाली तरी नोंदलेल्या व्यक्तीशिवाय कोणाकडेही मूल दिलं जाणार नाही, ‘शेजाऱ्यांच्या गाडीत जागा आहे’ म्हणून सुद्धा नाही. आणि पाण्यामुळे थांब्यापर्यंत जाता आलं नाही तर व्हॅन कुठे थांबेल, ती उंचावरची जागा आधीच ठरवलेली असेल. शिवाय व्हॅनमध्ये मुलांची नावं, थांबे, प्रत्येकाचे तीन फोन नंबर आणि रक्तगट यांची छापील यादी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवलेली हवी. काकांच्या मोबाइलमध्ये हे सगळं असतं, पण मोबाइलची बॅटरी नेमकी त्याच दुपारी संपते. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती यादी एकदा काढून तपासायला सांगा. तोवर निदान दोन-तीन घरांनी नंबर बदललेले असतात आणि एखाद्या आजोबांचं नाव काढून दुसरं घालायचं राहून गेलेलं असतं.